‘हो, चालेल’ नेमकं कशाला? पीएचडीच्या मुदतवाढीवरून झालेल्या वादाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीपुढे २०२५ च्या सुरुवातीला हे प्रकरण आलं. मी त्या समितीवर सदस्य होते आणि विद्यार्थ्याच्या विभागाशी माझा काही संबंध नव्हता. दोन्ही बाजूंच्या संमतीने हे लिहिते आहे. विभाग, विषय आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. मेलचा क्रम, त्यांतल्या विनंत्या आणि मिळालेली उत्तरं मात्र बदललेली नाहीत. मूळ मेल रोमन लिपीत, मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलेले होते. इथे ते देवनागरीत दिले आहेत.

विद्यार्थ्याचा प्रवेश १५ जानेवारी २०१९ चा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या पीएचडी विनियमांखालचा. त्या विनियमांत पीएचडीसाठी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं दिलेली आहेत. त्यापुढची मुदतवाढ ज्या त्या संस्थेच्या स्वतःच्या नियमांवर सोडलेली आहे. या विद्यापीठाचा नियम असा होता की, मुदत संपण्याच्या तीन महिने आधी अर्ज द्यायचा. अर्जासोबत गाईडची लेखी शिफारस आणि संशोधन सल्लागार समितीच्या, म्हणजे आरएसीच्या, बैठकीचा ठराव लागतो. मंजुरी विद्यापीठ देतं. सहा वर्षं १४ जानेवारी २०२५ ला संपत होती, म्हणून अर्जाची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२४ ही होती.

एवढं आधी सांगायचं कारण असं की, गाईडने मनापासून ‘दिली मुदतवाढ’ असं लिहिलं असतं तरी ती मिळाली नसती. गाईडच्या हातात फक्त शिफारस असते. या प्रकरणात अडलेल्या बहुतेक गोष्टी इथूनच सुरू झाल्या, कारण मेलमध्ये ‘मुदतवाढ’ म्हणताना दोघांच्या डोक्यात प्रत्येक वेळी एकच गोष्ट होती असं दिसत नाही.

प्रश्न काय होता

१० जानेवारी २०२५ ला, शुक्रवारी, विद्यार्थी विभागाच्या ऑफिसात मुदतवाढीच्या पत्राची चौकशी करायला गेला. तेव्हा त्याला कळलं की त्याच्या नावाचा अर्जच आलेला नाही. नोंदणी संपायला चार दिवस उरले होते. त्याचं म्हणणं होतं की त्याच्या गाईडने, म्हणजे मॅडमनी, सप्टेंबरमध्येच मेलवर एक वर्षाच्या मुदतवाढीला होकार दिला होता आणि पुढचं त्या बघणार होत्या. मॅडमचं म्हणणं होतं की त्यांनी असा होकार कधीच दिला नाही.

तक्रारीसोबत त्याने मेलचे स्क्रीनशॉट जोडले होते. सगळा भार एका स्क्रीनशॉटवर होता. वर त्याची विनंती दिसत होती: ‘मॅडम, माझी नोंदणी १४ जानेवारीला संपते आहे. एक वर्षाची मुदतवाढ हवी आहे. फॉर्म जोडला आहे. आपली शिफारस मिळाली की ऑफिसात देतो.’ खाली मॅडमचं उत्तर होतं: ‘हो, चालेल. काही अडचण नाही.’

एवढंच पाहिलं तर विषय संपला असं कुणालाही वाटेल. समितीतल्या दोघांना तसं वाटलंही.

मेल कसे वाचले

पहिला निर्णय आम्ही असा घेतला की स्क्रीनशॉटवरून काही ठरवायचं नाही. दोघांनाही आपापल्या खात्यातून संपूर्ण पत्रव्यवहार जोडपत्र म्हणून फॉरवर्ड करायला सांगितलं. साधा फॉरवर्ड केला तर मूळ मेलची शीर्षमाहिती, म्हणजे तो कधी आणि कुठल्या मेलला उत्तर म्हणून गेला अशा तांत्रिक नोंदी, गळून पडते. जोडपत्र म्हणून पाठवला तर ती `.eml` फाईलमध्ये टिकते. दोन्ही खात्यांतून मागवल्यामुळे एखादा मेल एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं काही असेल तर तेही दिसणार होतं. तसं काही निघालं नाही. कुणी काही खोडलं नव्हतं, बदललं नव्हतं. वाद खरोखर वाचनाचाच होता.

मग दिसलं की २० सप्टेंबरच्या रात्री विद्यार्थ्याने एक नाही, दोन मेल पाठवले होते. ९ वाजून ४२ मिनिटांनी मुदतवाढीचा, फॉर्मसकट. १० वाजून ६ मिनिटांनी त्याच धाग्यात दुसरा: ‘मॅडम, सोमवारी विभागात येऊ का? चौथ्या अध्यायाची प्रिंट घेऊन येतो.’ मॅडमचं उत्तर शनिवारी सकाळी सव्वासातचं. जीमेल एका विषयाचे मेल एकाखाली एक, वेळेच्या क्रमाने लावतं. कुठलं उत्तर कुठल्या मेलला दिलंय, हे त्या मांडणीवरून कळत नाही. त्यात विद्यार्थ्याचा मधला मेल मिटलेल्या अवस्थेत एका बारीक ओळीएवढा उरला होता आणि स्क्रीनशॉट कापताना ती ओळही गेली. त्याने मुद्दाम कापली असं मला वाटत नाही. त्याच्या मनात त्या उत्तराचा अर्थ इतका पक्का होता की मधली ओळ त्याच्या लेखी बिनमहत्त्वाची होती.

संगणकावर जीमेल उघडलं की कुठल्याही मेलच्या तीन टिंबांच्या मेन्यूत `Show original` असतं. तिथे मॅडमच्या उत्तराच्या शीर्षमाहितीत या ओळी होत्या (ओळखक्रमांक इथे बदलले आहेत):

```
Date: Sat, 21 Sep 2024 07:15:32 +0530
In-Reply-To: <mail-2206@example.org>
References: <mail-2142@example.org> <mail-2206@example.org>
```

प्रत्येक मेलला स्वतःचा `Message-ID` असतो. उत्तर देताना ज्या मेलवरचं ‘रिप्लाय’ बटण दाबलं, त्याचा क्रमांक `In-Reply-To` मध्ये येतो. `References` मध्ये धाग्यातले आधीचे मेल येतात. इथे उत्तर जोडलं गेलं होतं ते १० वाजून ६ मिनिटांच्या मेलला, म्हणजे ‘सोमवारी येऊ का?’ याला.

इथे थांबलो असतो तर मॅडमच्या बाजूने निकाल देऊन मोकळे झालो असतो. पण या पुराव्यालाही मर्यादा आहे. मोबाईलवर धागा उघडून तळाशी उत्तर लिहिलं की ते आपोआप शेवटच्या मेललाच जोडलं जातं, मग लिहिणाऱ्याच्या मनात वरचा मेल का असेना. मॅडमनी उत्तर मोबाईलवरूनच दिलं होतं, ठाण्याहून निघालेल्या लोकलमध्ये, बाहेरच्या एका परीक्षेला जाताना. म्हणून ती ओळ उत्तर कुठे जोडलं गेलं ते सांगते; मनातला प्रश्न कुठला होता ते सांगत नाही.

ते ठरवायला आम्ही पुढचं वागणं पाहिलं. सोमवारी, २३ सप्टेंबरला, विद्यार्थी विभागात गेला आणि मॅडम त्याला भेटल्या. म्हणजे ‘येऊ का?’ ला आलेलं ‘चालेल’ दोघांनीही पाळलं. मुदतवाढीचा फॉर्म मात्र त्या दिवशी टेबलावर आलाच नाही. त्यावर सही हवी होती. मेलवरच्या होकाराने सही होत नाही, हे विद्यार्थ्यालाही माहीत होतं, कारण ‘शिफारस मिळाली की ऑफिसात देतो’ असं त्यानेच लिहिलं होतं. होकार मिळाला असं त्याला शनिवारी खरोखर वाटलं असेल, तर सोमवारी प्रिंटसोबत फॉर्म का नेला नाही? आम्ही हे त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडमनी मेलवर हो म्हटलंय, मग परत कागद पुढे करणं बरं दिसलं नाही.’ हे उत्तर मला खरं वाटलं. गाईडपुढे एकाच गोष्टीसाठी दोनदा हात पसरायला संकोच वाटतो, हे कुठलाही संशोधक विद्यार्थी सांगेल.

खरा महत्त्वाचा मेल

एवढी चर्चा सव्वासातच्या उत्तराची झाली, पण माझ्या मते प्रकरणाचा निकाल त्यानंतरच्या दोन मेलमध्ये होता.

भेटीच्या दुसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरला, विद्यार्थ्याने लिहिलं: ‘मॅडम, काल ठरल्याप्रमाणे पाचवा अध्याय डिसेंबरअखेर देतो. मुदतवाढीचं आपण बघणार आहात. धन्यवाद.’ २६ तारखेला मॅडमचं उत्तर: ‘पाचवा अध्याय लवकर दे. तो पाहिल्याशिवाय आरएसीपुढे विषय ठेवता येणार नाही.’

विद्यार्थ्याचा मेल घ्या. तोंडी भेटीनंतर लगेच लेखी नोंद करणं हे शहाणपणाचंच. पण ‘मुदतवाढीचं आपण बघणार आहात’ या वाक्यात किती मुदत, कुणाची सही, कुठली तारीख, काहीच नाही. समोरच्याने ते खोडावं की मान्य करावं, यासाठी त्यात धरायला जागाच नाही.

मॅडमच्या मेलमध्ये नकार नाही. विद्यार्थ्याचा सगळा युक्तिवाद यावर उभा होता की ‘मॅडमनी नाही म्हटलं नाही’. एखादं स्पष्ट विधान लिहून पाठवलं आणि ज्याने ते चुकीचं असल्यास दुरुस्त करणं अपेक्षित आहे तो गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्याला थोडंफार वजन द्यावं लागतं, हे मलाही मान्य आहे. पण मॅडम गप्प राहिल्या नव्हत्या. दोन दिवसांत उत्तर आलं आणि त्यात अट होती: आधी अध्याय, मग आरएसी. भारतीय करार कायद्याच्या कलम ७ मध्ये प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असायला हवा असं म्हटलं आहे. गाईड-विद्यार्थ्यातली मेल म्हणजे करार नव्हे, आणि आम्ही तो कायदा इथे लावला नाही. पण वाचण्याची ती शिस्त उपयोगी पडली. अट घालून आलेलं उत्तर हा होकार नसतो. तो फार तर ‘असं झालं तर विचार करू’ असतो.

पण याच मेलमध्ये मॅडमच्या विरोधात जाणारी गोष्टही होती. पाचवा अध्याय डिसेंबरअखेर येणार असं विद्यार्थ्याने सांगितलं होतं. अर्जाची तारीख होती १४ ऑक्टोबर. म्हणजे मॅडमनी घातलेली अट मान्य केलेल्या वेळापत्रकानुसार पूर्ण होईपर्यंत अर्जाची मुदत गेलेली असणारच होती. ‘लवकर दे’ एवढंच म्हटलं. १४ ऑक्टोबरचा उल्लेख कुठेच केला नाही. आम्ही विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की तीन महिन्यांच्या नियमाकडे त्यांचं लक्ष नव्हतं, डोक्यात १४ जानेवारीच होती. विद्यार्थ्याच्या डोक्यातही तीच होती. दोघं एकमेकांशी मुदतीबद्दल बोलत होते आणि खरी मुदत दोघांच्याही नजरेबाहेर होती.

शेवटचा दुवा १८ नोव्हेंबरचा. हॉस्टेलच्या अर्जावर सही मागणाऱ्या मेलला मॅडमचं उत्तर: ‘मुदतवाढीचं पत्र आलं की सही करते.’ विद्यार्थ्याने हा मेल आपल्या बाजूने दिला होता: पत्र येणार हे त्या गृहीत धरताहेत, म्हणजे होकार होताच. पण पत्र कुठून तरी दुसरीकडून येणार आहे, आपण दिलेलं नाही, हेही त्याच वाक्यात आहे. आम्ही मॅडमना विचारलं, ‘तुमच्या शिफारशीशिवाय अर्ज गेला असं तुम्हाला कसं वाटलं?’ त्या बराच वेळ मेलकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या की ऑफिसने काहीतरी तात्पुरतं करून घेतलं असेल असं त्यांना वाटलं, विचारायचं राहून गेलं.

समोर असलेले पर्याय

एका सदस्याने सुचवलेला पर्याय माणुसकीचा वाटत होता: मॅडमनी सप्टेंबरची तारीख टाकून शिफारस द्यावी आणि प्रकरण मिटवावं. आम्ही तो लगेच बाजूला ठेवला. मागची तारीख टाकलेला कागद उद्या प्रबंध सादर करताना किंवा नंतर नोकरीच्या पडताळणीत उघडा पडला, तर नुकसान विद्यार्थ्याचंच होणार. आणि समितीने खोट्या तारखेची शिफारस करायची, हे शक्यच नव्हतं.

दुसरा पर्याय, तक्रार फेटाळायची. नियमाच्या अक्षराला धरून तो चुकीचा ठरला नसता: अर्ज नाही, शिफारस नाही, ठराव नाही. पण तसं केलं असतं तर एका गोष्टीकडे डोळेझाक झाली असती. २०१६ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थ्याने दर सहा महिन्यांनी आरएसीपुढे प्रगती मांडायची असते. त्याची शेवटची बैठक मार्च २०२४ मध्ये झाली होती. सप्टेंबरची बैठक विभागाने बोलावलीच नव्हती. ती झाली असती तर तिथे कुणीतरी नोंदणीची तारीख विचारली असती आणि मुदतवाढीचा विषय १४ ऑक्टोबरच्या आत निघाला असता. या चुकीचा बोजा एकट्या विद्यार्थ्यावर टाकणं मला पटत नव्हतं.

तिसरा पर्याय, दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. मुदतवाढीला मेलवर होकार दिला गेला नव्हता, हे स्पष्ट लिहायचं. आणि अर्ज उशिरा येण्यामागे विभागाचाही हात होता, म्हणून उशीर माफ करून अर्ज गुणवत्तेवर ऐकावा, अशी शिफारस करायची. आम्ही हा पर्याय घेतला.

काय केलं

अहवाल लिहिताना सगळ्यात जास्त वेळ एका वाक्यावर गेला. मसुद्यात ‘मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याची दिशाभूल केली’ असं आलं होतं. मेलमध्ये त्याला आधार नव्हता. त्याऐवजी लिहिलं: ‘२६ सप्टेंबरच्या मेलमधील अट अर्जाच्या अंतिम तारखेशी विसंगत होती आणि ती तारीख दोघांपैकी कोणीही पत्रव्यवहारात नमूद केली नाही.’ हे वाक्य दोघांनाही आवडलं नाही, पण दोघांनीही ते खोटं आहे असं म्हटलं नाही.

समितीत एकमत मात्र झालं नाही. एका सदस्याच्या मते ‘आरएसीपुढे विषय ठेवता येणार नाही’ याचा अर्थ अध्याय आला की ठेवणार, म्हणजे हे सशर्त का होईना आश्वासन होतं, आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं होतं. त्यांनी आपलं मत वेगळं नोंदवलं. मला ते पूर्णपणे चुकीचं वाटत नाही. फक्त ते आश्वासन शिफारशीचं होतं, मुदतवाढीचं नव्हतं, आणि ती अट पूर्ण झाली नव्हती: पाचवा अध्याय तक्रारीच्या दिवशीही अर्धाच होता.

पुढे काय झालं

फेब्रुवारीत आरएसी बसली. विद्यार्थ्याने चौथा अध्याय आणि पाचव्याचा झालेला भाग मांडला. त्याने एक वर्ष मागितलं होतं; आरएसीने सहा महिन्यांची शिफारस केली आणि सोबत अध्यायांच्या तारखा ठरवून दिल्या. मॅडमनी सही केली. विद्यापीठाने उशीर माफ केला, दंड आकारला आणि नोंदणी खंड न पडता चालू धरली. जूनमध्ये त्याने सारांश सादर केला आणि १४ जुलैच्या आत प्रबंध दिला. हॉस्टेलची खोली मात्र त्या मधल्या काळात गेली. पुढचे महिने तो कल्याणला नातेवाईकांकडे राहून येजा करत लिहीत होता.

गाईड बदलून मिळेल का, असंही त्याने आम्हाला विचारलं होतं. प्रबंध इतका जवळ आलेला असताना तसं करू नये असं आम्ही सुचवलं आणि त्याने ऐकलं. दोघांतला पत्रव्यवहार त्यानंतर कोरडा झाला, असं दोघांनीही सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर मुदतवाढीसाठी वेगळा मेल, वेगळा विषय, आणि त्यात दुसरं काहीही नाही, एवढ्यानेच बरंच टळलं असतं. एका धाग्यात दोन प्रश्न आले की सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळतं आणि ते दोन्हींचं वाटतं. हे ऑगस्टमध्येही घडलं होतं. तेव्हा त्याने ‘अध्याय गणपतीनंतर दिला तर चालेल का, आणि मुदतवाढीचंही बघावं लागेल’ असं लिहिलं होतं, आणि उत्तर आलं होतं फक्त ‘ठीक आहे, गणपती झाल्यावर दे’ एवढंच. मुदतवाढीला उत्तर आलं नाही, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

२४ सप्टेंबरचा मेल असा असता तर बरं झालं असतं: ‘मॅडम, नोंदणी १४ जानेवारीला संपते. नियमाप्रमाणे अर्ज १४ ऑक्टोबरच्या आत ऑफिसात जायला हवा. त्यासाठी आपली सही आणि आरएसीची बैठक लागेल. पाचवा अध्याय तोवर होणार नाही. चौथ्यावर बैठक घेता येईल का? कोणत्या दिवशी फॉर्म घेऊन येऊ?’ या मेलला ‘चालेल’ म्हणून उत्तर देताच येत नाही. दिवस सांगावा लागतो, नाहीतर नाही म्हणावं लागतं.

मॅडमच्या बाजूने, लोकलमध्ये वाचलेल्या मेलला फॉर्म जोडलेला आहे हे दिसल्यावर एक जास्तीची ओळ पुरली असती: ‘सोमवारी ये. फॉर्मचं तेव्हा बोलू.’ त्यांनी जोडपत्र उघडलंच नव्हतं, असं त्या म्हणाल्या. ते खरं की नाही हे मेलवरून कळत नाही आणि आम्ही त्यावर काही आधारलं नाही.

आमच्या बाजूने, मूळ मेल मागवण्याआधीच विद्यार्थ्याचं स्पष्टीकरणाचं पत्र आणि त्याने कापलेले स्क्रीनशॉट सगळ्या सदस्यांपर्यंत पोचले होते. ते वाचल्यावर सव्वासातच्या उत्तराचा दुसरा अर्थ डोळ्यांना लवकर दिसत नव्हता. आता तक्रार आली की समितीच्या सचिव आधी दोन्ही खात्यांतले `.eml` मागवतात, तारखेने लावतात आणि प्रत्येक मेलसमोर चार रकाने भरतात: काय मागितलं, कुठवरच्या तारखेसाठी, काय उत्तर आलं आणि ते देण्याचा अधिकार कुणाचा. उत्तराचा रकाना रिकामा असेल तर तो रिकामाच ठेवतात. स्पष्टीकरणाची पत्रं त्यानंतर वाटली जातात. विभागानेही नोंदणी संपायला सहा महिने उरलेल्या विद्यार्थ्यांची यादी दर सत्राच्या सुरुवातीला गाईडना पाठवायला सुरुवात केली आहे. त्यात अर्जाची शेवटची तारीख वेगळ्या रकान्यात असते.